टायटल परत लावा, मग हिशेब द्या

जालना-परभणीच्या भागात जुलै उजाडला की फवारणी पंपांच्या दुरुस्तीची घाई सुरू होते. कपाशी-सोयाबीनवर पहिला हात मारायची वेळ येते आणि वर्षभर गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेल्या पंपाची बॅटरी नेमकी तेव्हाच दगा देते. शेतकरी मोबाईल काढतो आणि गूगलवर ‘फवारणी पंप बॅटरी 12 व्होल्ट किंमत’ असं टाकतो. पंपांचे सुटे भाग वेबसाइटवरून विकणाऱ्या दुकानदाराचा वर्षातला मोठा गल्ला याच सहा-आठ आठवड्यांत जमतो.

असं एक दुकान समजा. साइटवर 140 पानं आहेत आणि ती सांभाळायला महिना ठरावीक रकमेवर एक वेब एजन्सी नेमलेली आहे. 3 जुलै 2025 च्या संध्याकाळी एजन्सीने त्यातल्या 96 पानांची टायटलं एका झटक्यात बदलली. मालकाला विचारलं नव्हतं. महिना सरता सरता ऑर्डरी रोडावल्या, तेव्हा शोध सुरू झाला. दुकान आणि त्याचे आकडे समजावण्यापुरते सोपे करून घेतलेले आहेत, पण ज्याची स्वतःची वेबसाइट आहे आणि किल्ल्या दुसऱ्याकडे आहेत अशा कोणावरही ही वेळ येऊ शकते.

टायटल म्हणजे पानावर मोठ्या अक्षरांत दिसणारा मथळा नव्हे. गूगलच्या यादीत जी ठळक, दाबता येणारी ओळ दिसते ती. पानाच्या कोडमध्ये ती वेगळी लिहिलेली असते, म्हणून ती बदलली तरी साइट उघडून पाहणाऱ्या मालकाला काहीच वेगळं दिसत नाही. ही ओळ दोन कामं करते. पान कशाबद्दल आहे हे गूगल बऱ्याच अंशी तिच्यावरून ठरवतं, आणि यादीतल्या दहा दुव्यांपैकी कुठला दाबायचा हे माणूस तिच्यावरून ठरवतो. आपल्या दुकानाच्या बॅटरीच्या पानाची जुनी ओळ अशी होती:

`फवारणी पंप बॅटरी 12V 8Ah – किंमत`

आणि नवी अशी:

`शेतकऱ्यांचा विश्वासू साथी – दर्जेदार कृषी उत्पादने`

नवी ओळ दुकानाच्या पाटीवर शोभली असती. पण तिच्यात बॅटरी नाही, व्होल्ट नाही, किंमतही नाही. शिवाय थोड्याफार फरकाने हीच ओळ चार्जर, नोजल, वॉशर, ट्रिगर अशा सगळ्या पानांवर चिकटवलेली. कागदावर ‘ब्रँडिंग’ दिसावं म्हणून केलेलं हे काम आहे, असं माझं सरळ मत आहे.

अशा वेळी मालकाच्या हातून पहिला मेल जातो तो रागाचा. ‘तुमच्यामुळे आमचा सीझन गेला, उद्यापर्यंत सगळं पूर्वीसारखं करा.’ राग रास्त आहे, पण या वाक्यात दोन खड्डे आहेत. ‘तुमच्यामुळे’ हा शब्द अजून सिद्ध व्हायचा आहे, त्यामुळे एजन्सी त्याच शब्दावर वाद घालत बसेल आणि टायटलं तशीच राहतील. दुसरा खड्डा जास्त खोल आहे. ‘सगळं पूर्वीसारखं करा’ म्हटल्यावर एखादा नवखा तंत्रज्ञ 2 जुलैचा पूर्ण बॅकअप साइटवर चढवून मोकळा होतो. टायटलं परत येतात, पण त्याच डेटाबेसमध्ये महिन्याभराच्या ऑर्डरी, ग्राहकांचे पत्ते आणि शिल्लक मालाची नोंद असते. ती सगळी पुसली जाते. म्हणून मेलमध्ये काय परत हवं आहे ते बोट ठेवून सांगावं लागतं: फक्त टायटल, फक्त या यादीतल्या पानांची.

मेल लिहायच्या आधी आकडे काढून ठेवायचे. गूगलचं सर्च कन्सोल हे फुकट साधन आपल्या साइटचा गेल्या 16 महिन्यांचा हिशेब दाखवतं: शोधताना आपलं पान किती वेळा दिसलं, किती जणांनी दाबलं, सरासरी कितव्या क्रमांकावर होतं. 16 महिने म्हणजे मागच्या वर्षीचा हाच हंगाम हाताशी आहे, आणि तो लागतोच. जूनशी जुलैची तुलना इथे फसवी ठरते, कारण फवारणीच्या मालाला जुलैत मागणी वाढतेच. एजन्सीच्या महिन्याच्या अहवालात ‘जूनच्या तुलनेत बरे क्लिक’ असं लिहून आलं तर ते खोटं नसेलही, पण पाऊस पडल्याचं श्रेय छत्रीने घेण्यातला तो प्रकार आहे.

तारखांची एक बारीक गोष्ट. सर्च कन्सोलचा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने मोजला जातो, म्हणजे उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे. शिवाय गूगलला नवी टायटलं वाचायला वेळ लागतो आणि सगळी पानं तो एकाच दिवशी वाचत नाही. त्यामुळे बदलाच्या दिवसाला चिकटून मोजू नये, एखादा दिवस मोकळा सोडावा. आपल्या दुकानासाठी 5 जुलै ते 1 ऑगस्ट हे 28 दिवस घेतले. पूर्ण चार आठवडे घेतले की रविवार-सोमवारची संख्या सारखी राहते.

आता कळीचं काम. पानांचे दोन ढीग करायचे: टायटल बदललेली 96 आणि न बदललेली 44. न बदललेल्या पानांना गेल्या वर्षी या 28 दिवसांत 2,600 क्लिक होते, यंदा 2,840. म्हणजे नऊ-दहा टक्के वाढ. बदललेल्या पानांना गेल्या वर्षी 8,400 क्लिक होते, यंदा 5,200. जूनपर्यंत हे दोन्ही ढीग गेल्या वर्षीपेक्षा सारखेच, सुमारे दहा टक्क्यांनी पुढे होते. तीच चाल टिकली असती तर 96 पानांना 9,200 च्या आसपास क्लिक मिळायला हवे होते. तूट चार हजारांची.

दोन ढिगांची ही तुलना इतकी महत्त्वाची का, ते एजन्सीचं संभाव्य उत्तर आठवलं की कळतं. गूगलने 30 जून 2025 रोजी आपल्या क्रमवारीत मोठा फेरबदल सुरू केला आणि तो 17 जुलैला पूर्ण झाला. त्याला कोअर अपडेट म्हणतात, आणि गूगलच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर त्याच्या तारखा कोणालाही पाहता येतात. म्हणजे आपली 3 जुलै बरोबर त्याच्या पोटात पडते. ‘साहेब, सगळ्यांचंच ट्रॅफिक पडलंय, कोअर अपडेट आहे’ हे वाक्य येणार, ते गृहीतच धरायचं. पण अपडेटचा फटका असेल तर तो टायटल बदलल्या-न बदलल्याची यादी हातात घेऊन बसत नाही. एकाच साइटची, एकाच प्रकारच्या मालाची 44 पानं वर जातात आणि 96 खाली येतात, तेव्हा संशय यादीकडे वळतो. संशयच म्हणतो, निकाल नाही. अपडेटचा परिणाम पानापानावर वेगळा होऊ शकतो, आणि एजन्सीने मुद्दाम मोठी, जास्त चालणारी पानं निवडली असतील तर दोन ढीग तंतोतंत सारखे नाहीत.

मग दोन-चार पानं जवळून पाहायची. बॅटरीचं पान सरासरी चौथ्या क्रमांकावरून अकराव्यावर गेलं. म्हणजे या पानाचा ‘बॅटरी किंमत’शी असलेला संबंध गूगलच्या लेखी पातळ झाला. चार्जरच्या पानाची गोष्ट निराळी आहे. ते आधीसारखंच तिसऱ्या क्रमांकावर दिसतंय, तितक्याच वेळा दिसतंय, पण पूर्वी शंभरातले नऊ जण दाबायचे, आता चार. इथे गूगलने पान सोडलेलं नाही, माणसांनी सोडलंय. ‘विश्वासू साथी’ वाचून आत चार्जर मिळेल असं कुणाला कसं वाटावं? दोन्ही पानांची तूट एकाच बेरजेत बसते, पण अहवालात ही कारणं वेगवेगळी यायला हवीत.

एक शहानिशा विसरू नये. गूगल आपण दिलेलं टायटल दाखवेलच असं नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये त्याने टायटल निवडण्याची पद्धत बदलली आणि पुढच्याच महिन्यात सांगितलं, की साधारण 87 टक्के वेळा पानाचंच टायटल वापरलं जातं. उरलेल्या वेळी तो पानावरचा मथळा किंवा दुसरा मजकूर उचलतो. तेव्हा तक्रारीत जे पान उदाहरण म्हणून द्यायचं, ते आधी स्वतः शोधून पाहायचं आणि दिसेल त्याचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवायचा. रोलबॅक झाल्यावर हा पुरावा पुन्हा मिळत नाही. सर्च कन्सोलमधून पानवार आकडेही त्याआधीच एक्सेलमध्ये उतरवून घ्यावेत.

आता मेल. तो असा:

विषय: मंजुरीशिवाय बदललेली 96 टायटलं – रोलबॅक आणि अहवालाबाबत

सप्रेम नमस्कार,

3 जुलै रोजी आपल्या टीमने आमच्या साइटवरील 96 पानांची टायटलं बदलली. यादी सोबत जोडली आहे. आपण 27 जूनला प्रस्तावित टायटलांची शीट ‘पाहून कळवा’ म्हणून पाठवली होती. आमच्याकडून तिला उत्तर गेलं नव्हतं. आपल्या करारात बदल लेखी मंजुरीनंतरच करायचे असं ठरलं आहे, त्यामुळे उत्तर न येणं ही मंजुरी धरता येणार नाही.

5 जुलै ते 1 ऑगस्ट या काळात या 96 पानांचे क्लिक गेल्या वर्षीच्या 8,400 वरून 5,200 वर आले. याच काळात टायटल न बदललेल्या 44 पानांचे क्लिक 2,600 वरून 2,840 वर गेले. कोअर अपडेटच्या तारखा आम्हाला माहीत आहेत. घट फक्त टायटलांमुळेच झाली असं आमचं आज म्हणणं नाही. पण हंगाम चालू आहे, आणि कारण ठरेपर्यंत थांबणं आम्हाला परवडणारं नाही. म्हणून दोन गोष्टी वेगवेगळ्या मागत आहोत.

पहिली, रोलबॅक. 6 ऑगस्टच्या संध्याकाळपर्यंत सोबतच्या यादीतील 89 पानांची टायटलं 2 जुलैला होती तशी शब्दशः लावावीत. उरलेल्या 7 पानांचे क्लिक वाढले आहेत, ती तूर्त आहेत तशीच ठेवावीत. पूर्ण बॅकअप रिस्टोअर करू नये, ऑर्डरींची नोंद जाईल. पानांचे पत्ते, मथळे, मजकूर यांना हात लावू नये. काम झाल्यावर पानाचा पत्ता, 2 जुलैचं टायटल, 3 जुलैचं टायटल आणि आता लावलेलं टायटल असे चार रकाने असलेली शीट पाठवावी.

दुसरी, अहवाल. 14 ऑगस्टपर्यंत कळवावं: बदल कोणी, कोणत्या लॉगिनवरून, कधी केला. टायटलांखेरीज 1 जुलैनंतर साइटवर आणखी काय बदललं – डिस्क्रिप्शन, थीम, प्लगिन, रिडायरेक्ट, काहीही. ही 96 पानं कोणत्या निकषावर निवडली. आणि घट कशामुळे झाली असं आपल्याला वाटतं, ते पानवार आकड्यांसह. आमचे आकडे सोबत आहेत. आपले वेगळे असतील तर फरक कुठे पडतो ते दाखवावं.

तोपर्यंत साइटवर दुसरा कोणताही बदल करू नये. जुलैच्या बिलाबद्दल अहवालानंतर बोलू.

मेल मिळाल्याची पोच आजच द्यावी.

कळावे.

मेल लांब नाही, पण त्यातल्या काही जागा मुद्दाम तशा ठेवल्या आहेत. 27 जूनच्या शीटचा उल्लेख मालकाने स्वतःहून केला, कारण तो एजन्सीच्या हातातला हुकमाचा पत्ता होता. आधीच टेबलावर ठेवला की त्याची धार जाते. ‘बदलामुळे’ हा शब्द कुठेही नाही. सगळी मांडणी ‘बदलानंतर’ अशी आहे, आणि तरी रोलबॅकची मागणी तिळमात्र ढिली होत नाही. कारण रोलबॅकचा आधार घट हा नाहीच, मंजुरी नव्हती हा आहे. क्लिक वाढले असते तरी ती टायटलं परत मागण्याचा हक्क मालकाचाच होता. मग 7 पानं का सोडली? तत्त्वासाठी स्वतःचं नुकसान करून घेण्यात अर्थ नाही म्हणून. काही जाणकार म्हणतील, सगळीच परत लावा, म्हणजे चाचणी स्वच्छ होते. हंगाम संपल्यावर मीही तेच म्हटलं असतं.

बिलाचा विषय शेवटी आणि एका वाक्यात आहे, तेही बरोबर आहे. पैसे अडवण्याची धमकी वर आली असती, तर मेल एजन्सीच्या टीमकडून थेट तिच्या मालकाकडे गेला असता आणि टायटलांना हात लावायची परवानगीच कुणाला मिळाली नसती. त्याच कारणाने रागाच्या भरात एजन्सीचं लॉगिन लगेच बंद करू नये. रोलबॅक त्यांनाच करायचा आहे. मात्र सर्च कन्सोलमध्ये मालक म्हणून आपलं स्वतःचं खातं आहे ना, हे मेल पाठवण्याआधी पाहून घ्यावं. बऱ्याच दुकानांत ते एजन्सीच्याच नावावर निघतं.

एजन्सीकडून हमखास येणारं एक उत्तर म्हणजे ‘जुनी टायटलं आता आमच्याकडे नाहीत’. साइट वर्डप्रेसवर असेल तर इथे एक गैरसमज आडवा येतो. वर्डप्रेस पानाच्या जुन्या आवृत्त्या जपतं, पण त्यात मथळा आणि मजकूर असतो. योस्टसारख्या प्लगिनमध्ये भरलेलं सर्चसाठीचं टायटल सहसा त्यात नसतं, ते डेटाबेसच्या वेगळ्या तक्त्यात बसतं. म्हणून 2 जुलैचा बॅकअप साइटवर न चढवता बाजूला, वेगळ्या जागी उघडायचा आणि त्यातून तेवढंच काढायचं:

```sql
SELECT post_id, meta_value
FROM wp_postmeta
WHERE meta_key = '_yoast_wpseo_title';
```

तक्त्याच्या नावातली सुरुवातीची `wp_` ही अक्षरं साइटगणिक वेगळी असू शकतात. ज्या पानांना स्वतंत्र टायटल लिहिलेलं नव्हतं, साच्यातून आपोआप बनत होतं, ती या यादीत येणार नाहीत. त्यांच्यासाठी जुना साचा शोधावा लागतो. होस्टिंगवाले बॅकअप ठरावीक दिवसच ठेवतात, त्यामुळे मेलच्या उत्तराची वाट न पाहता त्याच दिवशी होस्टिंगकडून 2 जुलैची प्रत उतरवून घेणं शहाणपणाचं. तीही गेली असेल तर archive.org वर पानाची जुनी प्रत मिळते का पाहावं. आणि एक जागा जवळपास कोणी पाहत नाही: काम हाती घेताना एजन्सीने केलेल्या ऑडिटची एक्सेल. स्क्रीमिंग फ्रॉग या साधनाने साइट चाळलेली असेल तर तिच्यात `Title 1` नावाचा रकाना असतो आणि सगळी जुनी टायटलं त्यात ओळीने पडलेली असतात.

‘रोलबॅक झाला’ असा मेल आला की तपासणी आपण करायची. टायटलं थेट डेटाबेसमध्ये घातली असतील तर योस्ट आपल्या वेगळ्या तक्त्यात साठवलेलं आधीचंच दाखवत राहू शकतं. कधी कॅश जुनं पान पुढे करत असते. ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स उघडून `<title>` शोधला की खरं काय ते दिसतं. पाच-सहा महत्त्वाची पानं अशी पाहिली आणि बरोबर निघाली, की सर्च कन्सोलमध्ये त्यांचे पत्ते टाकून `Request indexing` दाबायचं. सगळ्या 89 पानांसाठी ते करत बसू नये. दिवसाला मर्यादा असते, आणि उरलेली पानं गूगल आपल्या सवडीने वाचतोच. काही दोन दिवसांत, काही दोन-तीन आठवड्यांत.

क्लिकही तसेच, टप्प्याटप्प्याने परत येतात. चार्जरच्या पानासारखी, जिथे क्रमांक टिकून होता आणि फक्त माणसं दाबत नव्हती, ती पानं गूगलने नवी ओळ दाखवायला सुरुवात केली की लगेच सुधारायला हवीत. सुधारली तर टायटलचा दोष जवळजवळ पक्का, कारण कोअर अपडेट 17 जुलैलाच संपलं होतं आणि मधे दुसरं काही बदललं नाही. तोपर्यंत दुसरा बदल नको, ही मेलमधली अट इथे कामाला येते. बॅटरीच्या पानासारखी क्रमांक गमावलेली पानं हळू चढतात आणि काही पूर्ण चढतही नाहीत, कारण मधल्या महिन्यात ती जागा दुसऱ्या दुकानाने घेतलेली असते. चार आठवडे उलटूनही बॅटरीचं पान अकराव्यावरच असेल तर मग अपडेटचा मुद्दा पुन्हा उघडावा आणि एजन्सीचं म्हणणं नीट ऐकावं.

या पडताळणीत एक अडथळा सप्टेंबरमध्ये येतो. 2025 च्या सप्टेंबरच्या मध्यावर गूगलने एका पानावर शंभर निकाल मागवण्याची सोय बंद केली. क्रमवारी तपासणारी स्वयंचलित साधनं तीच सोय वापरून खोलवरची पानंही ‘पाहत’ असत, आणि ती मोजणी सर्च कन्सोलमध्ये जमा होत असे. ती थांबल्यावर अनेक साइटींवर ‘पान किती वेळा दिसलं’ हा आकडा घसरला आणि सरासरी क्रमांक मात्र एकदम सुधारल्यासारखा दिसू लागला. एजन्सीचा सप्टेंबरचा अहवाल ‘सरासरी क्रमांकात लक्षणीय सुधारणा’ असं म्हणत आला, तर तिला विचारायचं की त्याच 89 पानांचे क्लिक किती, आणि गेल्या सप्टेंबरात किती होते. माणसाने दाबलेला क्लिक त्या बदलाने वाढत नाही आणि घटतही नाही. जुलैच्या बिलातून किती रक्कम वळती करायची, हे बोलणंही त्याच रकान्यावर बोट ठेवून होतं.